ऑर्डर नेमकी कधी टाकायची? रीऑर्डर पॉइंट आणि सेफ्टी स्टॉक काढायची पद्धत

हिंगणा एमआयडीसीतली एखादी मोटार बसली की मेंटेनन्सचा माणूस गाडीला किक मारून थेट बेअरिंगच्या दुकानात येतो. त्याला ६२०५ हवं असतं, आणि ते आत्ता हवं असतं. नसेल तर तो पुढच्या दुकानात जातो, आणि पुढच्या वेळी आधी तिथेच जातो. म्हणून दुकानदार काय करतो, तर भरपूर माल भरून ठेवतो. मग मार्चअखेरीस स्टॉक मोजताना कळतं, की जे रोज लागतं ते संपलंय आणि जे वर्षाला चार नग जातं त्याचे चाळीस पडलेत.

स्टोअरमध्ये किंवा स्पेअर्सच्या दुकानात नव्याने खरेदी बघायला लागलेल्यांसाठी हे लिहितो आहे. प्रत्येक आयटमसाठी दोन आकडे काढायचे असतात. स्टॉक किती उरला की ऑर्डर टाकायची, तो रीऑर्डर पॉइंट. आणि खप वाढला किंवा गाडी उशिरा आली तर तग धरायला त्यात किती जादा नग धरायचे, तो सेफ्टी स्टॉक. एका वेळी किती मागवायचं हा वेगळा हिशेब आहे, त्यात इथे शिरत नाही. उदाहरण ६२०५ चंच घेऊ. माल पुण्याहून येतो, दुकान नागपुरात आहे. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण अशा दुकानात दिसतात त्याच धाटणीचे.

आधी खप लिहून काढा

टॅलीतून किंवा बिलबुकातून मागच्या बारा आठवड्यांची विक्री काढा. रोजची विक्री फार उड्या मारते आणि महिन्याची फार सपाट होते. अशा आयटमला आठवडा बरा पडतो. समजा आकडे असे आले: ३८, ४५, ३१, ५२, ४०, ३६, ४७, २९, ४४, ५८, ३५, ३७. बेरीज ४९२, म्हणजे आठवड्याची सरासरी ४१ नग.

नुसती सरासरी पुरत नाही, कारण एखाद्या आठवड्यात ५८ गेले आणि एखाद्यात २९. हा चढउतार एका आकड्यात धरायचा तर प्रमाणित विचलन काढतात. प्रत्येक आठवडा सरासरीपासून किती दूर गेला त्याचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज एकूण आठवड्यांपेक्षा एक कमी अशा संख्येने भागायची आणि वर्गमूळ काढायचं. इथे वर्गांची बेरीज ८०२ येते, ती ११ ने भागली की ७२.९, आणि त्याचं वर्गमूळ ८.५. हाताने एकदाच करून बघा म्हणजे काय चाललंय ते कळेल. पुढे ते काम शीट करतं.

इथे एक गोष्ट नीट बघायची असते. बिलात दिसते ती विक्री, मागणी नव्हे. ज्या आठवड्यात माल तीन दिवस संपलेला होता, त्या आठवड्याचे २९ हे खरे २९ नाहीत. आलेलं गिऱ्हाईक परत गेलं, त्याची नोंद बिलात कुठेच नसते. असा आठवडा तसाच धरला तर हिशेब म्हणेल की खप कमी आहे, पुढची ऑर्डर उशिरा जाईल, माल पुन्हा संपेल आणि आकडा आणखी खाली येईल. काउंटरवर एक वही ठेवा आणि ‘मागितलं, नव्हतं’ असं नग संख्येसह लिहीत चला. वही नसेल तर निदान माल संपलेला आठवडा हिशेबातून काढून टाका.

उलट बाजूही आहे. बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्याने वार्षिक शटडाऊनसाठी एकदम ६० नग नेले, आणि ते पंधरा दिवस आधी सांगून नेले, तर तो आकडा रोजच्या खपात मिसळू नका. ज्याची आधी कल्पना असते त्यासाठी वेगळी ऑर्डर टाकता येते. सेफ्टी स्टॉक असतो तो न सांगता येणाऱ्या मागणीसाठी.

लीड टाइम: सप्लायर सांगतो तो नव्हे, कागदावर दिसतो तो

नवीन माणूस सप्लायरला फोन करतो, तो म्हणतो, “भाऊ, चार दिवसांत माल तुमच्याकडे,” आणि शीटमध्ये चार लिहिले जातात. पण ऑर्डर टाकायची वेळ झाली त्या दिवसापासून माल मोजून, एंट्री होऊन, विकायला मोकळा होतो तो दिवस, एवढा सगळा काळ म्हणजे लीड टाइम. तो मागच्या ऑर्डरींच्या कागदांतून काढायचा. ऑर्डरची तारीख मेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर सापडते, बिल्टीवर माल निघाल्याची तारीख असते, आणि आवक नोंदीची तारीख टॅलीत असते.

मागच्या आठ ऑर्डरींचे दिवस समजा असे निघाले: ६, ९, ७, १४, ८, ७, १२, ९. सरासरी ९ दिवस, प्रमाणित विचलन २.७ दिवस.

त्यातली १४ दिवसांची ऑर्डर उलगडून बघू, कारण नवशिक्याला सगळ्यात जास्त शिकवणारा कागद तोच असतो. ऑर्डर शनिवारी संध्याकाळी गेली, सप्लायरने ती सोमवारी पाहिली: २ दिवस. ऑर्डरमधला एक दुसराच आयटम त्याच्याकडे नव्हता, म्हणून त्याने सगळाच माल अडवून ठेवला: ५ दिवस. पॅकिंग आणि ट्रान्सपोर्टकडे बुकिंग: १ दिवस. ट्रान्सपोर्टरच्या गोदामात नागपूरचा लोड भरेपर्यंत थांबणं आणि प्रवास मिळून ४ दिवस. वाडीच्या गोडाऊनहून लोकल टेम्पोने दुकानात: १ दिवस. खोकं उघडून, मोजून, एंट्री: १ दिवस. १४ दिवसांत ट्रक रस्त्यावर होता तो फार तर दोनेक दिवस. समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला, तेव्हा अनेकांना वाटलं की आता स्टॉक कमी ठेवला तरी चालेल. पण माल रस्त्यावर जितका रेंगाळतो त्याहून जास्त गोदामात आणि टेबलावर रेंगाळतो. रस्ता चांगला झाला म्हणून टेबलावरचे दिवस कमी होत नाहीत.

दिवस कोणते मोजायचे, हेही इथेच ठरवा. खप आठवड्याचा घेतला आहे, त्यात रविवारची सुट्टी आपोआप आली. तेव्हा लीड टाइमचे दिवसही कॅलेंडरचे घ्या, रविवारसकट, आणि ७ ने भागून आठवडे करा. खप कामाच्या सहा दिवसांचा आणि लीड टाइम सात दिवसांच्या आठवड्याचा, अशी सरमिसळ झाली की आकडा हळूच चुकतो आणि कुठे चुकला ते सापडत नाही. आपल्या उदाहरणात सरासरी लीड टाइम १.२९ आठवडे आणि त्याचं विचलन ०.३९ आठवडे.

आता गणित

लीड टाइममध्ये सरासरी किती विकलं जाईल? ४१ गुणिले १.२९, म्हणजे साधारण ५३ नग. समजा दर वेळी ५३ नग उरल्यावर ऑर्डर टाकली, तर सगळं सरासरीप्रमाणे झालं की शेवटचा नग विकला जातो त्याच दिवशी माल पोचतो. पण सगळं सरासरीप्रमाणे होत नाही. जवळपास निम्म्या वेळा माल आधीच संपेल.

म्हणून वर सेफ्टी स्टॉक धरायचा. त्यात दोन अनिश्चितता असतात: खप वरखाली होतो आणि गाडी मागेपुढे होते. दोन्ही एकत्र धरण्याचं सूत्र असं:

```
सेफ्टी स्टॉक = Z × √( L × σd² + d² × σL² )
रीऑर्डर पॉइंट = d × L + सेफ्टी स्टॉक
```

इथे d म्हणजे आठवड्याचा सरासरी खप, σd त्याचं विचलन, L सरासरी लीड टाइम आठवड्यांत, σL त्याचं विचलन. Z हा आपण किती खात्री मागतो त्यावर ठरतो. ९० टक्क्यांना १.२८, ९५ टक्क्यांना १.६५, ९८ टक्क्यांना २.०५, ९९ टक्क्यांना २.३३.

आकडे घालू. खपाचा भाग: १.२९ गुणिले ७२.९, साधारण ९४. लीड टाइमचा भाग: ४१ चा वर्ग १६८१, त्याला ०.३९ च्या वर्गाने गुणलं की साधारण २५५. बेरीज ३४९, वर्गमूळ १८.७. ९५ टक्क्यांसाठी १.६५ ने गुणलं की ३१ नग. हा सेफ्टी स्टॉक. रीऑर्डर पॉइंट ५३ अधिक ३१, म्हणजे ८४. मोटारला दोन्ही टोकांना बेअरिंग लागतं आणि गिऱ्हाईक बहुधा जोडी नेतं, तेव्हा विषम आकडा आला तर सम करून घ्या.

शीटमध्ये खप B2 ते B13 मध्ये आणि लीड टाइमचे दिवस D2 ते D9 मध्ये असतील, तर G1 पासून खाली ही सूत्रं ओळीने टाका:

```
=AVERAGE(B2:B13)
=STDEV.S(B2:B13)
=AVERAGE(D2:D9)/7
=STDEV.S(D2:D9)/7
=NORM.S.INV(0.95)*SQRT(G3*G2^2+G1^2*G4^2)
=ROUNDUP(G1*G3+G5,0)
```

शेवटच्या खणात ८४ यायला हवेत. नाही आले तर आधी ७ ने भागलंय का ते बघा.

९४ आणि २५५

या दोन आकड्यांवर थांबा, कारण सगळा मुद्दा इथे आहे. सेफ्टी स्टॉक ज्या बेरजेतून येतो तिच्यात खपाच्या चढउताराचा वाटा ९४ आणि गाडीच्या मागेपुढे होण्याचा २५५. बहुतेक दुकानांत उलट समजूत असते: “गिऱ्हाइकाचा भरवसा नाही, म्हणून माल भरावा लागतो.” या आयटमला तरी भरवसा नाही तो माल येण्याचा. बऱ्याच ठिकाणी सोपं सूत्र वापरतात, ज्यात लीड टाइमचं विचलन नसतंच. ते वापरलं असतं तर सेफ्टी स्टॉक १६ आला असता, जवळपास निम्मा, आणि ९५ टक्के खात्री फक्त कागदावर राहिली असती.

याचा उपयोग पैसे वाचवायला होतो. समजा सप्लायरला ठामपणे सांगितलं की एखादा आयटम नसेल तर बाकीचा माल अडवू नका, आहे तेवढा पाठवा, आणि १४ व १२ दिवसांच्या त्या दोन ऑर्डरी ९ दिवसांत आल्या असत्या. मग सरासरी ८ दिवस होते आणि विचलन १.२ वर येतं. सेफ्टी स्टॉक ३१ वरून १९ होतो, रीऑर्डर पॉइंट ८४ वरून ६६. आता दुसरा मार्ग बघा: जास्त भाडं देऊन प्रत्येक ऑर्डर एक दिवस लवकर आणली, पण मागेपुढे होणं तसंच राहिलं. सरासरी तीच ८ दिवस, पण सेफ्टी स्टॉक जेमतेम ३१ चाच राहतो आणि रीऑर्डर पॉइंट ७८ पर्यंतच उतरतो. म्हणून ट्रान्सपोर्टर निवडताना ‘किती दिवसांत पोचवतोस’ यापेक्षा ‘दर वेळी तेवढ्याच दिवसांत पोचवतोस का’ हे त्याच्या जुन्या बिल्ट्यांवरून तपासणं मला जास्त मोलाचं वाटतं.

९५ टक्के म्हणजे नेमकं काय

९५ टक्के म्हणजे १०० गिऱ्हाइकांपैकी ९५ जणांना माल मिळेल, असं नाही. १०० वेळा ऑर्डर टाकली तर त्यातल्या ९५ वेळा नवा माल पोचेपर्यंत जुना पुरेल, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे वर्षात किती वेळा माल संपेल हे आपण वर्षात किती वेळा ऑर्डर टाकतो यावरही अवलंबून असतं. ६२०५ चे वर्षाला साधारण २१३० नग जातात. एका वेळी २०० मागवले तर वर्षात दहा-अकरा ऑर्डरी होतात आणि दोन वर्षांत एखाद्या वेळी माल कमी पडेल. एका वेळी ५०च मागवले तर बेचाळीसेक ऑर्डरी, आणि वर्षात दोनदा कमी पडेल. तेच ९५ टक्के, पण अनुभव वेगळा.

सगळ्या आयटमना ९९ टक्के लावायचा मोह होतो. ९५ वरून ९९ ला गेलं की या एका आयटमचा सेफ्टी स्टॉक ३१ वरून ४४ होतो. ज्याच्यावाचून गिऱ्हाइकाची लाइन बंद पडते आणि जे गावात दुसरीकडे मिळत नाही, त्याला ९८ किंवा ९९ द्या. जे गांधीबागेतून किंवा शेजारच्या दुकानातून तासाभरात उचलून देता येतं, त्याला ९० पुरे.

आकडा कशाशी ताडायचा

रॅकवर ८० नग दिसले म्हणून लगेच ऑर्डर टाकू नका. वाटेत २०० येत असतील तर? रॅकवरचा माल, अधिक ऑर्डर दिलेला पण न पोचलेला, वजा गिऱ्हाइकाला कबूल केलेला. ही बेरीज ८४ किंवा त्याखाली आली तर ऑर्डर. नुसता रॅक बघून चालणाऱ्या दुकानात एकाच आयटमच्या दोन ऑर्डरी लागोपाठ जातात, आणि दोन्ही एका आठवड्यात येऊन पडतात.

दुसरं, ८४ हा आकडा स्टॉक रोज बघणाऱ्यासाठी आहे. आठवड्यातून एकदा, दर शनिवारी यादी काढून ऑर्डर देत असाल, तर शनिवारी ८६ होते म्हणून सोडलेला आयटम पुढच्या शनिवारपर्यंत कोणी बघणार नाही. मग सुरक्षित हिशेब म्हणजे L मध्ये तो एक आठवडाही मिळवायचा. L २.२९ धरला की आकडा १२८ होतो. रोज सकाळी दहा मिनिटं टॅली बघितली तर चव्वेचाळीस नगांची रक्कम मोकळी होते.

हे सूत्र कुठे चालत नाही

जे महिन्याला एखाददुसरं जातं, त्याला हे सूत्र लावू नका. तिथे विचलनाला अर्थ उरत नाही. बहुतेक आठवडे शून्य असतात. एखादं मोठं रोलर बेअरिंग वर्षाला १३ जातं आणि मागवल्यावर ४ आठवड्यांत येतं, तर लीड टाइममधली सरासरी मागणी बरोबर १. अशा वेळी शीटमध्ये हे सूत्र टाकून बघा:

```
=POISSON.DIST(3,1,TRUE)
```

उत्तर ०.९८ येतं. म्हणजे ३ नग उरल्यावर ऑर्डर टाकली तर ९८ टक्के वेळा पुरतील. ३ च्या जागी २ टाकलं तर ०.९२. हेही जोडीने जात असेल तर नग न मोजता जोड्या मोजा.

आणि हंगामी माल. नागपुरात मार्चमध्ये कुलर खाली उतरतात आणि पंपाची मागणी सुरू होते. जूनच्या मध्याला पाऊस आला की ती थांबते. अशा पंपाचे वर्षाला १०४० नग जात असतील तर वर्षाची सरासरी आठवड्याला २० येते, पण एप्रिलमध्ये ७० जातात आणि ऑगस्टमध्ये एखादा. २० धरून काढलेला रीऑर्डर पॉइंट एप्रिलमध्ये तुटपुंजा आणि ऑगस्टमध्ये ओझं. इथे मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांवरून अंदाज करा, आणि σd च्या जागी अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री यांतल्या फरकाचं विचलन घाला. एप्रिलचा अंदाज ७० आणि फरकाचं विचलन १८ असेल, लीड टाइम मघाचाच असेल, तर रीऑर्डर पॉइंट १४७ येतो.

तो हंगामभर तसाच ठेवू नका. नवतपा २५ मेच्या आसपास सुरू होतो, काउंटरवर गर्दी असते, आणि हात आपसूक ऑर्डरकडे जातो. पण त्या दिवशी दिलेली ऑर्डर जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचेल, कधी दुसऱ्या. उरलेले पंप पुढच्या मार्चपर्यंत पैसे अडवून बसतील. मेच्या मध्यापासून दर आठवड्याला ‘आज मागवलेला माल पोचेल त्यानंतर किती आठवडे विक्री उरते’ हे विचारून आकडा उतरवत न्या. शेवटच्या आठवड्यांत चार गिऱ्हाइकं परत गेली तरी ते परवडतं.

आकडा बरोबर बसला की नाही, हे कसं ओळखायचं

माल आला की खोकं उघडण्याआधी रॅकवर किती नग उरले होते ते आवक नोंदीच्या शेजारी लिहा. सात-आठ ऑर्डरींनंतर या आकड्यांची सरासरी सेफ्टी स्टॉकच्या जवळपास, म्हणजे ६२०५ साठी ३१ च्या आगेमागे यायला हवी. कधी ५५, कधी ८ असं होणारच. पण दर वेळी ६० उरत असतील तर खप कमी झाला आहे किंवा लीड टाइम सुधारला आहे, बारा आठवड्यांचे आकडे नव्याने घ्या. सतत १० च्या खाली येत असेल तर आधी बघा की ऑर्डर खरंच ८४ वर गेली होती की कोणीतरी ६० वर येईपर्यंत थांबलं. बहुतेकदा सूत्र बरोबर असतं आणि ऑर्डर दोन दिवस टेबलावर पडलेली असते. मग ते दोन दिवसही लीड टाइममध्ये मोजा.